डंबेलचा झोका : जोर खुब्याचा, हाताचा नव्हे

बेसा-बेलतरोडीकडून रोज नागपुरात कामाला जाणाऱ्या बंधू-भगिनींना व्यायामासाठी वेगळा तास काढणे जमत नाही. त्यांच्यासाठी घरच्या घरी बारा-पंधरा मिनिटांत होणारा एक व्यायाम आम्ही येथे देत आहोत. तो म्हणजे डंबेलचा झोका.

आधी वजनाशिवाय शिकावे. भिंतीकडे पाठ करून एक वीतभर पुढे उभे राहा. पाठ सरळ ठेवून, गुडघे किंचित वाकवून, नितंब मागे नेऊन भिंतीला टेकवा. ही बैठक नव्हे. वाकायचे ते खुब्यातून. दोन-तीन दिवस हेच करावे.

मग स्त्रियांनी साधारण ५ किलोचे, पुरुषांनी साडेसात किलोचे डंबेल घ्यावे. ते उभे धरून वरचे टोक दोन्ही हातांनी पकडावे. चकत्यांचे असेल तर नट दर वेळी आवळावा. सुटलेली चकती समोरच्याला लागते. घाम पुसावा, मुलांना दूर ठेवावे. डंबेल मांड्यांमधून मागे न्यावे आणि खुबे झटक्याने सरळ करावेत. त्या झटक्यानेच ते छातीपर्यंत येते. हात दोरीसारखे सैल ठेवा. वर आल्यावर मागे झुकू नका.

चूक ओळखावी कशी? दुसऱ्या दिवशी मांड्यांची मागची बाजू व नितंब दुखले तर रीत बरोबर आहे. खांदे भरून आले तर हातांनी उचलले असे समजा. कंबर दुखली तर पाठ वाकली. पुन्हा भिंतीपाशी जावे.

एका फेरीत १५ झोके, खुर्चीवरून १० उठबशा आणि भिंतीवर हात टेकून ८ जोर; मग मिनिटभर विश्रांती. प्रथम तीन फेऱ्या, महिन्याभरात पाच. आठवड्यातून तीन दिवस, एकाआड एक.

आता चरबीचा हिशेब. समजा, ७० किलो वजनाची भगिनी आहे. पाच फेऱ्यांत तिचे सुमारे १०० उष्मांक खर्च होतात, म्हणजे साधारण एका पोळीइतके. आठवड्याचे ३००. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक असतात. म्हणून नुसत्या व्यायामाने किलोला सहा महिने लागतील. पण दिवसाच्या चार कप चहांत प्रत्येकी दोन चमच्यांऐवजी एकच चमचा साखर घातली, तर आठवड्याला आणखी ५६० वाचतात आणि तोच किलो नऊ-दहा आठवड्यांत उतरू शकतो.

रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, मणक्याचे दुखणे किंवा गर्भारपण असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. दमछाक आणि पाण्याची कमतरता त्यांना धोक्याची ठरते, म्हणून त्यांनीही आधी विचारावे. मे महिन्यात व्यायाम पहाटेच उरकावा. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर तिथेच थांबावे आणि डॉक्टरांकडे जावे.