मुनियाची ओळ आणि न दिसणारा जोड

सलग नक्षीचा आधार एक छोटा चौकोन असतो. छपाईच्या व्यवहारात त्याला टाइल म्हणतात. टाइलच्या उजव्या कडेला तुटलेली रेघ डाव्या कडेवर नेमकी पुढे सुरू झाली, तर असे कितीही चौकोन शेजारी शेजारी लावले तरी जोड दिसत नाही. हातमागावर ही सलगता आपोआप येते, कारण विणकर धागे मोजून तीच आकृती पुन्हा विणतो. शब्दांतल्या सूचनेवरून, म्हणजे प्रॉम्प्टवरून, चित्र काढणाऱ्या एआय साधनाकडे अशी मोजणी नसते. म्हणून पारंपरिक काठाची टाइल त्याच्याकडून काढून घेताना मोजणीचे काम माणसाला करावे लागते.

पैठणीचा मुनिया काठ हे याचे चांगले उदाहरण आहे. पैठणीच्या परिभाषेत मुनिया म्हणजे पानांमधला छोटा पोपट. अशा पोपटांची ओळ काठावर पुन्हा पुन्हा येते. मिठाईच्या चौरस खोक्याभोवती गुंडाळायच्या कागदी पट्टीवर हा काठ छापायचा आहे, असे धरू. खोक्याची प्रत्येक बाजू 12 सेंटीमीटर, म्हणजे पट्टीची लांबी 48 सेंटीमीटर.

पहिली चूक बहुधा सूचनेतच होते. सूचनेत ‘साडी’ हा शब्द आला की साधन साडी नेसलेली स्त्री किंवा घडी घातलेल्या कापडाचा फोटो काढू लागते. घडीबरोबर सावली येते आणि सावली असलेली टाइल जुळत नाही. ‘पैठणी’ या नावावरही विसंबता येत नाही, कारण त्या नावाखाली साधन मोर, कमळ आणि वेल यांची सरमिसळ करू शकते. त्यापेक्षा जे दिसायला हवे त्याचेच वर्णन करावे: पोपट कोणत्या दिशेला पाहतो, त्याच्याभोवती काय आहे, रंग किती आणि कडा कशा. पैठणीतली आकृती उभ्या-आडव्या धाग्यांवर बसते, त्यामुळे तिच्या तिरप्या कडा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. ही खूण सूचनेत असली, तर चित्र ब्रशने रंगवल्यासारखे न दिसता विणल्यासारखे दिसते. मिडजर्नी या साधनासाठी सूचना अशी लिहिता येईल:

```
flat pattern, one horizontal row of small
green parrots facing right, red leaves,
plain gold band above and below, stepped
woven edges, four flat colors
--no shadow, folds, frame, text --tile
```

यातला शेवटचा `--tile` सर्वांत महत्त्वाचा आहे. सूचनेत नुसते ‘सीमलेस’ असे लिहिले, तर साधन नक्षीसारखे दिसणारे चित्र देते, पण कडा जुळवत नाही. एरवी चित्राच्या कडेपलीकडे काहीच नाही असे साधन धरून चालते. स्टेबल डिफ्यूजनच्या काही मांडण्यांत `Tiling` नावाचा पर्याय असतो. तो चालू केला की गणित करताना उजव्या कडेचा शेजारी म्हणून डावी कड धरली जाते आणि वरच्या कडेचा शेजारी म्हणून खालची. कागद नळीसारखा गुंडाळून त्याच्यावर चित्र काढावे, तसे हे आहे. म्हणून जोड मुळातच तयार होत नाही.

काठाची अडचण मात्र वेगळी आहे. अंगभर पसरलेली नक्षी चारही दिशांना चालते, काठ फक्त लांबीच्या दिशेने. `--tile` दोन्ही दिशांना कडा जुळवतो. त्यामुळे मिळालेल्या चौकोनातून पोपटांची आडवी पट्टी कापून घ्यावी लागते. इथे एक नियम पाळावा: कात्री फक्त वर आणि खाली चालवावी. डावी किंवा उजवी कड एका पिक्सेलनेही छाटली, तर जुळलेला जोड तुटतो. सूचनेत पोपटांच्या वर-खाली साधा सोनेरी पट्टा मागितला आहे, तो याच कापणीसाठी.

त्यानंतर तपासणी. फोटोशॉपमध्ये `Filter > Other > Offset` या ठिकाणी, `Wrap Around` निवडून, चित्र निम्म्या रुंदीने सरकवावे. 1024 पिक्सेल रुंदीच्या टाइलसाठी हा आकडा 512. असे केले की कडा मध्यभागी येतात आणि जोडात दोष असेल तर तो उभ्या रेघेसारखा समोर दिसतो. पण जोड शाबूत असूनही पट्टी चुकलेली असू शकते. ते पाहण्यासाठी पाच-सहा टाइल शेजारी लावून थोड्या अंतरावरून बघावे. एखादे पान बाकीच्यांपेक्षा गडद असेल, तर एका टाइलमध्ये ते खटकत नाही. ओळीत मात्र ठरावीक अंतरावर तोच डाग दिसतो आणि नजर पोपटांऐवजी डागच मोजू लागते. टाइलची एक बाजू किंचित उजळ असली, तरी पट्टीवर फिकट-गडद लाटा उमटतात.

सर्वांत अवघड दोष अंतराचा. समजा टाइलमध्ये चार पोपट आले. 1024 पिक्सेलमध्ये प्रत्येकाला 256 पिक्सेल मिळायला हवेत. साधन मात्र एकाला 240, तर दुसऱ्याला 270 देते, शिवाय प्रत्येकाची चोच आणि शेपटी थोडी निराळी काढते. विणलेल्या काठात असे होत नाही, तिथे एकाच आकृतीची मोजून पुनरावृत्ती असते. त्यामुळे विणकराचीच रीत इथे उपयोगी पडते. चारांपैकी सर्वांत नीट आलेला एक पोपट निवडावा, त्याच्या दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेतून तो कापावा, नवी कड वर सांगितल्याप्रमाणे तपासून दुरुस्त करावी आणि तोच पोपट टाइल म्हणून वापरावा.

आता खोक्याचे माप. एका पोपटाला 2 सेंटीमीटर दिले, तर 12 सेंटीमीटरच्या बाजूवर सहा पोपट बसतात आणि पूर्ण पट्टीवर चोवीस. पट्टीची सुरुवात दोन पोपटांमधल्या मोकळ्या जागेपासून केली, तर एकही पोपट कोपऱ्यावर मोडत नाही. छपाईसाठी एका इंचात 300 पिक्सेल धरले, तर 2 सेंटीमीटरचे 236.2 पिक्सेल होतात. टाइलची रुंदी पूर्णांकातच हवी, नाहीतर जोडावर केसाएवढी फिकट रेघ उमटते. म्हणून 236 घ्यावे. चोवीस पोपटांमागे अर्धा मिलिमीटरच कमी पडतो आणि तो तयार पट्टी किंचित ताणून भरून काढता येतो.

कापलेला पोपट यापेक्षा लहान असेल आणि एआय साधनाने मोठा करायचा असेल, तर एकटी टाइल देऊ नये. मोठे करणारे साधन कडा पुन्हा स्वतंत्र धरते आणि जुळणी बिघडते. तीन टाइल शेजारी लावून मोठ्या कराव्यात आणि मधली कापून घ्यावी.

या रीतीने तयार होते ती छपाईची नक्षी, विणकामाचा आलेख नव्हे. मागावर नेण्यासाठी प्रत्येक चौकट म्हणजे एक धागा असा आलेख हवा, आणि कोणता धागा किती अंतर मोकळा तरंगेल याचा हिशेब विणकरालाच करावा लागतो. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्यामुळे खोक्यावरच्या किंवा छापील कापडावरच्या या काठाला ‘पैठणी’ म्हणून विकणे गैर आहे. ‘पैठणीच्या मुनिया काठावर आधारित छापील नक्षी’ हेच त्याचे खरे नाव.