एका बिंदुभाराखालील साध्या टेकूंची तुळई : कर्तन बल व नमन आघूर्ण यांच्या आकृत्या

साध्या टेकूंवरील तुळईवर भार मध्यभागी नसला, तरी सर्वाधिक नमन आघूर्ण मध्यभागीच येते, असा समज विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत वारंवार आढळतो. प्रस्तुत लेखात एका उदाहरणाच्या आधारे हा समज तपासला आहे.

६ मीटर गाळ्याची तुळई डावीकडे अ व उजवीकडे ब या टेकूंवर ठेवली आहे. अ पासून २ मीटर अंतरावर ३० किलोन्यूटनचा एकच भार आहे. तुळईचे स्वतःचे वजन तूर्त सोडून दिले आहे. ब भोवती आघूर्णे घेतल्यास अ येथील प्रतिक्रिया ३० × ४ ÷ ६ = २० किलोन्यूटन येते. उरलेली १० किलोन्यूटन ब येथील होय. भार ज्या टेकूला जवळ, त्या टेकूवर अधिक बोजा. येथे उत्तर उलट आले तर चूक प्रतिक्रियांमध्येच आहे, पुढे जाण्यात अर्थ नाही.

आता तुळई एखाद्या ठिकाणी छेदली आहे अशी कल्पना करून केवळ डावा भाग पाहावा. भाराच्या आधी कोठेही छेद घेतला तरी त्या भागावर २० किलोन्यूटनची ऊर्ध्वगामी प्रतिक्रियाच असते, म्हणून कर्तन बल +२०. भार ओलांडताच ते २० − ३० = −१० होते आणि ब पर्यंत तसेच राहते. म्हणजे ही आकृती दोन आयतांची असून भाराखालील उडी नेमकी भाराइतकी, ३० ची आहे.

नमन आघूर्ण अ येथे शून्य असून प्रत्येक मीटरला २० ने वाढते व भाराखाली ४० किलोन्यूटन-मीटर होते. तेथून ते प्रत्येक मीटरला १० ने घटत ब येथे शून्यावर येते. उजवीकडून १० × ४ केले तरी ४० च मिळतात. पडताळा याहून सोपा नाही. आकृती सरळ बाजूंचा त्रिकोण आहे. तिचे टोक गुळगुळीत वक्र काढणे ही दुसरी नित्याची चूक. गाळ्याच्या मध्यावर आघूर्ण केवळ ३० आहे. जेथे कर्तन बल चिन्ह बदलते, तेथेच आघूर्ण सर्वाधिक असते.

मूळ समजाचा उगम बहुधा वाकाच्या निरीक्षणात असावा. एकसमान छेदाच्या या तुळईचा सर्वाधिक वाक भाराखाली नसून अ पासून सुमारे २.७३ मीटरवर, म्हणजे मध्याकडे सरकलेला असतो. डोळ्यांना दिसतो तो वाक. आघूर्ण दिसत नाही. काँक्रीटच्या तुळईत खालच्या सळया मध्य पाहून तोडल्या, तर भाराखालच्या छेदात त्या अपुऱ्या पडू शकतात. कड्या मात्र अ कडील २ मीटरमध्ये अधिक लागतात, कारण तेथील कर्तन बल दुप्पट आहे.

प्रत्यक्षात भार बिंदूवर येत नाही. तोच भार ०.४ मीटर रुंदीवर पसरला, तर कर्तन बलाची उडी तिरकी होते आणि सर्वाधिक आघूर्ण सुमारे ३८.७ वर उतरते. त्यामुळे बिंदुभार धरून काढलेले ४० हे उत्तर सुरक्षित बाजूचे ठरते. तुळईचे स्वतःचे वजन मात्र आघूर्ण वाढवते, आणि ते यात स्वतंत्रपणे मिळवावेच लागते.