परवाना सीचा, परवानगी एसची

रावेरच्या एखाद्या कृषी सेवा केंद्रात केळीवरच्या करप्याचं औषध घ्यायला गेलात, तर दुकानदाराच्या मागे भिंतीवर कीटकनाशक विक्रीचा परवाना लावलेला दिसेल. तो ज्या कायद्याखाली मिळतो, त्या १९६८ च्या कीटकनाशक कायद्याची इंग्रजी प्रत उघडून पाहावी. बाराव्या कलमात परवाना देणारा ‘लायसेन्सिंग ऑफिसर’ येतो, तेराव्यात ‘लायसन्स’ देण्याची पद्धत. अधिकाऱ्याच्या शब्दात एननंतर एस आहे, परवान्याच्या शब्दात त्याच जागी सी. मोटार वाहन कायद्यातही हेच: खिशातलं ‘ड्रायव्हिंग लायसन्स’ सीचं, ते देणारी ‘लायसेन्सिंग ऑथॉरिटी’ एसची.

ही छपाईतली चूक नव्हे. आपलं सरकारी इंग्रजी ब्रिटिश वळणाचं, आणि त्या वळणात वस्तूला सी, क्रियेला एस. परवाना, सल्ला, सराव ही नामं, त्यांत सी. परवानगी देणं, सल्ला देणं, सराव करणं ही क्रियापदं, त्यांत एस. शाळेच्या व्याकरणात नाम आधी शिकवतात, क्रियापद नंतर. इंग्रजी मुळाक्षरांतही सी आधी येतो, एस नंतर. एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

‘ॲडव्हाइस’च्या बाबतीत कानही मदत करतो. नामाचा शेवट ‘स’ने होतो, क्रियापदाचा ‘जहाज’मधल्या शेवटच्या ‘ज’ने. आपल्याकडे दोन्ही सर्रास ‘स’नेच उच्चारतात, म्हणून मदत वाया जाते. ‘लायसन्स’ आणि ‘प्रॅक्टिस’ यांत तर नाम-क्रियापदाचा उच्चार एकच. तिथे कानाचा काही उपयोग नाही.

मग करायचं काय? समजा, दुकानदाराने जागा बदलली आणि तो इंग्रजीत अर्ज लिहितोय: ‘आय ॲम अ लायसन्स्ड डीलर. प्लीज चेंज द ॲड्रेस ऑन माय लायसन्स. काइंडली ॲडव्हाइज मी अबाउट द डॉक्युमेंट्स. आय विल ॲक्ट ॲज पर युवर ॲडव्हाइस.’ चार जागा अडतात. जिथे शंका, तिथे दुसरा सोपा शब्द घालून पाहायचा. ‘माय लायसन्स’च्या जागी ‘माय कार्ड’ चालतं, म्हणजे वस्तू, सी. ‘ॲडव्हाइज मी’च्या जागी ‘टेल मी’ बसतं, म्हणजे क्रिया, एस. शेवटच्या वाक्यात ‘युवर ऑर्डर’ बसतं, पुन्हा सी. उरला ‘लायसन्स्ड’: या शब्दांना ईडी किंवा आयएनजी लागलं की मूळ शब्द क्रियापद, म्हणून एसच.

खरी फसगत ‘गिव्ह’पाशी होते. मराठीत ‘सल्ला देणे’ ही सबंध क्रिया, म्हणून ‘प्लीज गिव्ह ॲडव्हाइस’ लिहिताना हात एसकडे जातो. पण इथे देण्याचं काम ‘गिव्ह’ने उरकलेलं असतं, मागे राहतो तो नुसता सल्ला, म्हणजे सी. संगणक ही चूक दाखवेलच असं नाही, कारण दोन्ही स्पेलिंगं शब्दकोशात असतात. नुसतं स्पेलिंग तपासणाऱ्याला वाक्यात वस्तू हवी होती की क्रिया, हे कळत नाही.

वकिलांचंही असंच. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टच्या तिसाव्या कलमात वकिली करण्याचा हक्क दिलाय, तिथे ‘टु प्रॅक्टिस’मध्ये एस. बार कौन्सिलच्या २०१५ च्या नियमांच्या नावात ‘सर्टिफिकेट अँड प्लेस ऑफ प्रॅक्टिस’ आहे, तिथे सी. म्हणून पाटीवर ‘प्रॅक्टिसिंग ॲडव्होकेट’ एसने रंगवावं. शिष्यवृत्तीच्या मुलांचा ‘प्रॅक्टिस पेपर’ मात्र सीचा, कारण तो सरावाचा पेपर. पेपर स्वतः सराव करत नाही.

अमेरिकेने हा भेद मोडीत काढला, पण एका बाजूने नाही. तिथे ‘लायसन्स’ नाम असो वा क्रियापद, एसनेच. ‘प्रॅक्टिस’ दोन्हीकडे सीने. फोनची भाषा अमेरिकन इंग्रजी ठेवली असेल, तर सरकारी कागदावरचं बरोबर ‘लायसन्स’ टाइप केल्यावर खाली लाल रेघ आली तर नवल नाही. अशा वेळी रेघेचं ऐकू नये. सेटिंगमध्ये ब्रिटिश किंवा भारतीय इंग्रजी निवडावं. ‘ॲडव्हाइस’ला मात्र अमेरिकेनेही हात लावलेला नाही, तिथला सी-एसचा भेद जगभर एकच.

या शब्दाचं अनेकवचन हाही नेहमीचा घोटाळा. सल्ले अनेक असले, तरी इंग्रजीत ‘ॲडव्हायसेस’ होत नाही. अपवाद बँकेचा. दिल्लीच्या व्यापाऱ्याने केळीचे पैसे पाठवले की येणारी ‘पेमेंट ॲडव्हाइस’ म्हणजे सल्ला नव्हे, पैसे पाठवल्याची सूचना. ती सुटी कागदाची वस्तू असल्याने मोजता येते, आणि दोन आल्या तर ‘टू ॲडव्हायसेस’ बिनधास्त लिहावं, सीनेच.