लिंक दहापट, वेग तेवढाच

जिथे केबल पोहोचत नाही, अशा दुर्गम शाखेत किंवा समुद्रातल्या तेलफलाटावर इंटरनेट बहुतेक वेळा उपग्रहावरून येतं. समजा, मुख्य कार्यालयातल्या तंत्रज्ञाने अशा ठिकाणच्या राउटरला १ एमबीची फर्मवेअर फाइल पाठवली. लिंक २ एमबीपीएसची, म्हणजे फाइल साडेचार-पाच सेकंदांत जायला हवी. पण ती जायला सोळा मिनिटांहून जास्त वेळ लागतो. लिंक ठणठणीत आहे, एकही पॅकेट हरवलेलं नाही. मग वेळ गेला कुठे?

राउटरमध्ये फाइल चढवायला अनेकदा टीएफटीपी ही जुनी, साधी पद्धत वापरतात. तिचा मूळ नियम असा: ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवायचा आणि थांबायचं. पलीकडून पोच आली की पुढचा तुकडा. यालाच ‘स्टॉप-अँड-वेट’ म्हणतात. पाठवणाऱ्याला एकच तुकडा लक्षात ठेवावा लागतो, पोच आली नाही तर तोच पुन्हा पाठवला की झालं. थोड्याशा मेमरीत बसणारी ही पद्धत म्हणूनच इतकी टिकली.

आता अंतर बघू. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. तुकडा वर जाऊन खाली येतो, म्हणजे ७२,००० किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानेही याला ०.२४ सेकंद लागतात. पोच त्याच वाटेने परत येते, आणखी ०.२४. म्हणजे ४८० मिलिसेकंद नुसत्या प्रवासात जातात. उपग्रह डोक्यावर नसून तिरका असेल, तर थोडे जास्तच.

तुकडा लिंकवर सोडायला मात्र फारसा वेळ लागत नाही. ५१२ बाइट आणि त्यावरचे ३२ बाइटचे हेडर मिळून ४,३५२ बिट होतात. २ एमबीपीएसवर ते जेमतेम २.२ मिलिसेकंदांत निघून जातात. पोच त्याहून लहान, तिला ०.१ मिलिसेकंद. अशी एक फेरी सुमारे ४८२.३ मिलिसेकंदांची झाली.

लिंकचा वापर = २.१८ ÷ ४८२.३ = ०.००४५

म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. लिंक २ मिलिसेकंद काम करते आणि ४८० मिलिसेकंद रिकामी बसते. १ एमबीचे २,०४८ तुकडे पडतात, प्रत्येकाला ०.४८२३ सेकंद धरले तर ९८८ सेकंद होतात. आपली साडेसोळा मिनिटं ती हीच. प्रत्यक्ष वेग पडतो साडेआठ केबीपीएस.

तक्रार आली की पहिला उपाय सुचतो तो मोठी लिंक घेण्याचा. २० एमबीपीएस घेतली, तर तुकडा ०.२ मिलिसेकंदात निघेल, पण प्रवासाचे ४८० तसेच राहतील. फाइलला ९८८ऐवजी ९८४ सेकंद लागतील. दहापट लिंक घेऊन वाचले चार सेकंद! वापर तर आणखी घसरून ०.०४५ टक्क्यावर येतो.

खरा उपाय म्हणजे पोचेची वाट न बघता मागोमाग तुकडे सोडत राहणं. पहिल्याची पोच येईपर्यंत २ एमबीपीएसवर ४८२.३ ÷ २.१८, म्हणजे सुमारे २२२ तुकडे निघू शकतात. पोच न आलेले इतके तुकडे एका वेळी वाटेत ठेवायची मुभा असेल, तर लिंक सतत भरलेली राहते. या मुभेला ‘विंडो’ म्हणतात. तिची किंमत मोजावी लागते: प्रत्येक तुकड्याला क्रमांक हवा, पोच येईपर्यंत सगळे तुकडे जपायला मेमरी हवी आणि एखादा हरवला तर नेमका कुठून पुन्हा पाठवायचं, हे ठरलेलं हवं. टीएफटीपीतही विंडोची सोय २०१५च्या सुधारणेत झाली, पण दोन्ही टोकांच्या उपकरणांना ती समजली पाहिजे. ती नसेल, तर तुकडा मोठा करता येतो. १,४२८ बाइटचा केला तर वेग जवळपास तिप्पट होतो, तरी वापर सव्वा-दीड टक्क्याच्या आतच राहतो.

अंतर कमी असेल, तर हीच पद्धत उत्तम चालते. एकाच इमारतीत ३०० मीटर तारेवर जाण्यायेण्याला ३ मायक्रोसेकंद लागतात. तिथे २ एमबीपीएसची लिंक ९४ टक्के वापरली जाते. पद्धत वाईट नाही. तुकडा सोडायच्या वेळेपेक्षा प्रवासाचा वेळ कितीतरी मोठा झाला की ती उधळपट्टी करते.

लिंकवर असंच घडतंय का, हे ओळखायला दोन खुणा पुरतात. पॅकेट टिपणाऱ्या साधनात दर अर्ध्या सेकंदाला एकच तुकडा निघताना दिसतो. आणि एकाच वेळी चार फाइली पाठवल्या, तर प्रत्येकीचा वेग कमी न होता पूर्वीइतकाच राहतो. लिंक खरोखर भरली असती, तर तो चौघींत वाटला गेला असता. या दोन्ही खुणा दिसल्या, तर जास्त बँडविड्थ विकत घेण्याआधी फाइल पाठवायची पद्धत बदला.