कंपनीचा पैसा किती टक्क्यांनी पडतो?

गेली बरीच वर्षे मी ओहायोतल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीच्या हिशेब विभागात आहे. कंपनी यंत्रांचे सुटे भाग बनवते आणि तिचे शेअर्स बाजारात खरेदी-विक्रीला असतात. नाव सांगत नाही, आणि आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. आमच्याकडे सांगलीचा एक तरुण इंजिनिअर आहे. मंडळाच्या कार्यक्रमांत भेटतो, मला काका म्हणतो. २०२४ साली त्याने वर्षभर खपून एका नव्या उत्पादन लाइनची योजना तयार केली. खर्च २ कोटी डॉलर्स, आणि कर वजा जाता दरसाल ३० लाख डॉलर्सची रोख आवक, दहा वर्षे. चाळीसएक माणसांना काम मिळणार होते.

योजना मंजुरीला आली तेव्हा सोबतच्या कागदावर लिहिले होते: भांडवलाचा खर्च ६.७५ टक्के. या दराने पुढच्या दहा वर्षांच्या आवकेची आजची किंमत २ कोटी १३ लाख येत होती. म्हणजे खर्च वजा जाता १३ लाखांचा फायदा. सगळे खुशीत होते. मी मात्र तो ६.७५ चा आकडा कुठून आला ते शोधायला बसलो, आणि त्या शोधातून जे निघाले ते मंडळींना सांगावे म्हणून हा लेख.

आधी हा दर म्हणजे काय ते पाहू. कंपनीत पैसा दोन वाटांनी येतो. एक भागधारकांचा आणि दुसरा कर्ज देणाऱ्यांचा. दोघांच्या अपेक्षा वेगळ्या. कर्ज देणाऱ्याला ठरलेले व्याज मिळते. भागधारकाला काहीच ठरलेले नसते, म्हणून जोखमीच्या बदल्यात तो जास्त परतावा मागतो. या दोन दरांची, ज्याचा जितका हिस्सा त्या प्रमाणात, सरासरी काढली की भांडवलाचा भारित सरासरी खर्च मिळतो. इथल्या ऑफिसांत त्याला 'वॅक' म्हणतात. मांडणी अशी:

भांडवलाचा खर्च = (भागभांडवलाचा हिस्सा × भागधारकांना हवा असलेला परतावा) + (कर्जाचा हिस्सा × व्याजदर × (१ − कराचा दर))

नव्या योजनेने निदान एवढे कमावले पाहिजे. कमी कमावले तर नफा दिसला तरी भागधारकाचे नुकसान होते, कारण तेवढ्याच जोखमीच्या दुसऱ्या ठिकाणी त्याला जास्त मिळाले असते.

भागधारकांच्या परताव्याचे बिल कुणी पाठवत नाही, तो अंदाजाने काढावा लागतो. लांब मुदतीच्या सरकारी रोख्यांवर तेव्हा साडेचार टक्क्यांच्या आसपास मिळत होते. शेअर्समध्ये पैसे घालण्याच्या जोखमीसाठी वर ५ टक्के धरले. आमचा शेअर बाजारापेक्षा थोडा जास्त हलतो. या हलण्याच्या मापाला 'बीटा' म्हणतात आणि आमचा १.२ आहे. म्हणून ५ गुणिले १.२ म्हणजे ६, त्यात ४.५ मिळवले की १०.५ टक्के. हा आकडा जुन्या कागदावरही बरोबर होता. गडबड पुढे होती.

कागद करणाऱ्याने ताळेबंद उघडला होता. त्यात भागभांडवल ८ कोटी आणि कर्जही ८ कोटी, म्हणून त्याने निम्मे-निम्मे धरले. पण ताळेबंदातले ८ कोटी म्हणजे भागधारकांनी वर्षानुवर्षे घातलेला पैसा आणि कंपनीत ठेवलेला नफा, त्या त्या वेळच्या किमतीत. आज कंपनीचे १ कोटी ४० लाख शेअर्स आहेत आणि तेव्हा शेअरचा भाव १५ डॉलर्स होता. म्हणजे भागधारकांचा आजचा हिस्सा ८ नव्हे, २१ कोटी.

मी हे सांगितले तेव्हा आमचा इंजिनिअर म्हणाला, "पण काका, पैसे तर त्यांनी ८ कोटीच दिलेत ना?" मी त्याला माझ्या घराचे उदाहरण दिले. आम्ही १९९६ साली १ लाख ८० हजाराला घर घेतले. आज त्याची किंमत ५ लाख आहे आणि मॉर्गेज ६० हजार उरले आहे. घरात माझा हिस्सा किती, असे कुणी विचारले तर मी १ लाख ८० हजारातून ६० हजार वजा करीन का? मी घर विकून ५ लाख घेऊ शकतो. न विकता राहतो, तेव्हा त्या सगळ्या पैशांवरच्या परताव्यावर पाणी सोडतो. भागधारकाचेही तसेच. तो १०.५ टक्के मागतो ते आजच्या १५ डॉलर्सवर, जुन्या पुस्तकी किमतीवर नव्हे.

कर्जाचीही आजची किंमत पाहावी लागते. आमचे कर्जरोखे २०२१ साली ४ टक्क्यांनी काढलेले, पाच वर्षे मुदत बाकी. २०२२ आणि २०२३ मध्ये व्याजदर वाढले आणि २०२४ मध्ये आमच्यासारख्या कंपनीला नवे कर्ज ७ टक्क्यांच्या खाली मिळत नव्हते. ४ टक्के देणारा जुना रोखा कोणी पूर्ण किमतीला घेणार नाही. ७ टक्क्यांनी हिशेब केला तर ८ कोटींच्या रोख्यांची किंमत साधारण ७ कोटी येते. म्हणजे एकूण २८ कोटी, त्यात भागभांडवल पाऊण आणि कर्ज पाव. निम्मे-निम्मे नव्हेच.

दुसरी चूक व्याजदराची. कागदावर जुने ४ टक्के होते. पण नवी लाइन जुन्या पैशातून येणार नव्हती. तिच्यासाठी आजचा भाव ७ टक्के, तोच धरायला हवा.

आता कराची ढाल. कंपनीने दिलेले व्याज करपात्र उत्पन्नातून वजा होते, लाभांश होत नाही. केंद्राचा कर २१ टक्के, शिवाय राज्यांचा. राज्याचा कर केंद्राच्या हिशेबात वजा होत असल्याने आमचा एकत्र दर २५ टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणून ७ टक्क्यांचे कर्ज आम्हाला ७ गुणिले ०.७५, म्हणजे ५.२५ टक्क्यांना पडते. २०१७ पर्यंत केंद्राचा वरचा दर ३५ टक्के होता, तेव्हा ही ढाल बरीच जाड होती. २०१८ पासून ती पातळ झाली, पण काही जुन्या तक्त्यांत ३५ तसेच राहून गेले आहेत. ते आधी तपासावे.

आता जुळणी करू. १०.५ चा पाऊण हिस्सा ७.८७५ आणि ५.२५ चा पाव हिस्सा १.३१. बेरीज जवळजवळ ९.२ टक्के. कागदावर होते ६.७५. नुसता हिस्सा सुधारला तरी दर ८.६ च्या वर जातो. उरलेली वाढ व्याजदराची. म्हणजे मोठी चूक हिश्शांचीच होती.

९.२ टक्क्यांनी त्याच आवकेची आजची किंमत १ कोटी ९१ लाख येते. २ कोटी घालून १ कोटी ९१ लाख. तेरा लाखांच्या फायद्याच्या जागी ९ लाखांचा तोटा! यंत्रे तीच, गिऱ्हाइके तीच, फक्त भाजक बदलला.

या ढालीबद्दल दोन खबरदाऱ्या. पहिली, ती एकदाच मोजायची. दरसालची ३० लाख आवक काढताना कंपनीवर कर्जच नाही असे समजून कर लावायचा. व्याज तिथे वजा करायचे नाही आणि व्याजामुळे वाचलेला करही मिळवायचा नाही, कारण ते सगळे दरात आलेले आहे. आवकेच्या कोष्टकात 'व्याज' अशी ओळ दिसली की समजावे, काहीतरी दोनदा मोजले आहे.

दुसरी, ढाल प्रत्येक वर्षी पूर्ण मिळेलच असे नाही. कंपनी तोट्यात असेल तर वजा करायला उत्पन्नच नसते. शिवाय २०१८ पासून लहान उद्योग सोडून इतरांना व्याजाची वजावट करपात्र उत्पन्नाच्या एका ठरलेल्या मापाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंतच मिळते. हे माप २०२२ ते २०२४ मध्ये घसारा वजा करून काढत, म्हणून यंत्रे जास्त असणाऱ्या कारखान्यांना ते जाचले. २०२५ पासून घसारा पुन्हा मिळवून काढतात. आमचे दरसालचे व्याज ३२ लाख, त्यावर २५ टक्क्यांनी ८ लाखांचा कर वाचतो. पण एखाद्या मंदीच्या वर्षी ते माप ८० लाखांवर आले, तर वजावट २४ लाखांचीच आणि बचत ६ लाखांची. उरलेले ८ लाखांचे व्याज पुढच्या वर्षांत ओढता येते, पण उशिरा मिळालेला पैसा तेवढा मोलाचा नसतो. घरीही आपण हे पाहिले आहे. २०१८ मध्ये जोडप्यांची सरसकट वजावट २४ हजारांवर गेली आणि आपल्यातल्या अनेकांना मॉर्गेजच्या व्याजाचा करासाठी उपयोग राहिला नाही.

"मग जास्त कर्ज काढू, दर आपोआप उतरेल," असे त्या बैठकीत कुणीतरी म्हणालेच. ढाल पूर्ण मिळाली तरी आमच्या दरात तिचा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. आणि कर्ज वाढले की भागधारकांची जोखीम वाढते, बीटा चढतो, १०.५ चे ११-१२ होतात. मोदिग्लियानी आणि मिलर या दोन अर्थतज्ज्ञांनी १९५८ साली हेच दाखवले: कर नसेल तर कर्ज आणि भागभांडवलाचे प्रमाण बदलून काही हाती लागत नाही. १९६३ साली त्यांनी कराच्या बचतीचा हिशेब दुरुस्त केला. फायदा असलाच तर कराचा आहे, आणि कर्ज फार झाले की दिवाळखोरीची भीती तो खाऊन टाकते.

आपल्यापैकी ज्यांचा स्वतःचा उद्योग आहे त्यांच्या शेअरला बाजारभाव नसतो. त्यांनी ताळेबंदाकडे वळू नये. त्याच धंद्यातल्या, बाजारात असलेल्या कंपन्यांचे कर्जाचे प्रमाण धरावे. न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्रा. अश्वथ दामोदरन दर जानेवारीत धंद्यांनुसार असे आकडे विनामूल्य प्रसिद्ध करतात. मग त्या दराने आपल्या उद्योगाची किंमत काढावी, कर्जाचे प्रमाण जुळते का ते पाहावे, आणि न जुळल्यास पुन्हा करावे. दोन-तीन फेऱ्यांत आकडा स्थिरावतो.

योजनेचे काय झाले? बैठकीत ती नामंजूर झाली आणि त्या संध्याकाळी मला त्या मुलाच्या डोळ्याला डोळा देववेना. पण तो हिशेबाचा कागद घरी घेऊन गेला. महिन्याभराने आला तो दुसरी योजना घेऊन. मुख्य प्रेस नवी न घेता चांगल्या स्थितीतली वापरलेली घ्यायची, खर्च १ कोटी ८५ लाख, आवक तीच. १ कोटी ९१ लाखांतून १ कोटी ८५ लाख गेले, उरले ६ लाख. हा फायदा १३ लाखांपेक्षा लहान, पण खरा. लाइन उभी राहिली. आता पुढच्या योजनेच्या कागदावर तो माझ्या आधी विचारतो, "काका, आजचा शेअरचा भाव घातलात ना?"