बोर्ड तोच, प्रोसेसर नवा

सात-आठ वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेल्या गेमिंग पीसीत रायझन ५ १६०० हा प्रोसेसर आणि बी ४५० चिपसेटचा मदरबोर्ड ही जोडी सर्रास दिसते. मालकाने मध्यंतरी ग्राफिक्स कार्ड बदललेलं असतं, तरी गेम मधूनच अडखळतो. कार्डाचा वापर साठ-सत्तर टक्क्यांवर रेंगाळतो, कारण प्रोसेसर त्याला पुरेसं काम पुरवू शकत नाही. अशा वेळी दुकानदार बऱ्याचदा बोर्ड, रॅम आणि प्रोसेसर असा सगळा संच बदलायला सांगतो. तो खर्च करण्याआधी आहे तो बोर्ड किती पुढे जाऊ शकतो, हे तपासायलाच हवं.

सुरुवात बोर्डाच्या पूर्ण नावापासून होते. विंडोजमध्ये विन आणि आर ही बटणं एकत्र दाबून `msinfo32` टाइप केलं, की `BaseBoard Product` समोर बोर्डाचं मॉडेल आणि `BIOS Version/Date` समोर बायोसची आवृत्ती दिसते. नुसतं ‘बी ४५०’ एवढं कळून भागत नाही. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन आवृत्त्या निघालेल्या असतात आणि त्यांचे बायोस वेगळे असू शकतात. गिगाबाइटच्या बोर्डांवर ही आवृत्ती कोपऱ्यात `REV` या अक्षरांपुढे छापलेली असते. कॅबिनेटची बाजू उघडून ती डोळ्यांनी पाहिलेली बरी.

त्यानंतर सॉकेट. इथेच पुष्कळ जण फसतात, कारण प्रोसेसर सॉकेटमध्ये बसला म्हणजे चालेलच असं नाही. इंटेलच्या सहाव्या ते नवव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर एलजीए ११५१ याच नावाच्या सॉकेटमध्ये बसतात. तरीही आठव्या पिढीचा प्रोसेसर झेड २७० चिपसेटच्या बोर्डावर चालत नाही, त्याला ३०० मालिकेचाच चिपसेट लागतो.

एएमडीच्या एएम४ सॉकेटची गोष्ट वेगळी आणि ग्राहकाच्या फायद्याची आहे. मे २०२० मध्ये कंपनीने जाहीर केलं होतं, की रायझन ५००० मालिका फक्त ५०० मालिकेच्या चिपसेटवर चालेल. बायोसच्या चिपमध्ये जागा अपुरी आहे, असं कारण दिलं गेलं. बऱ्याच जुन्या बोर्डांवर ही चिप १६ एमबीचीच होती आणि प्रत्येक पिढीच्या प्रोसेसरसाठी तिच्यात वेगळा कोड भरावा लागत होता. ग्राहक खवळले आणि त्याच महिन्यात कंपनीने बी ४५० व एक्स ४७० चिपसेटना मुभा दिली. २०२२ मध्ये ३०० मालिकेलाही ती मिळाली. म्हणूनच वरच्या उदाहरणातल्या बोर्डावर आज रायझन ७ ५८००एक्स३डी बसू शकतो. जुन्या १६०० मध्ये एल३ कॅश १६ एमबी आहे, तर यात ९६ एमबी. गेममध्ये फरक पडतो तो मुख्यतः या कॅशमुळे.

पण चिपसेटला मुभा असली तरी अंतिम शब्द बोर्ड बनवणाऱ्या कंपनीचा. तिच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या पानावर प्रोसेसरची यादी असते आणि प्रत्येक नावापुढे तो बायोसच्या कोणत्या आवृत्तीपासून चालतो ते दिलेलं असतं. हवा तो प्रोसेसर यादीत नसेल, तर विषय तिथेच संपवावा. असेल, तर जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच बायोस अपडेट करून घ्यावा. क्रम उलटा झाला तर पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळीच राहते. मग नवा प्रोसेसर खराब निघाला, असा नाहक समज होतो. अपडेट सुरू असताना वीज जाऊ नये म्हणून पीसी यूपीएसवर असावा.

वीजपुरवठ्याची मर्यादा मात्र यादीत दिसत नाही. जुना १६०० हा ६५ वॅटचा, तर ५८००एक्स३डी १०५ वॅटचा, आणि पूर्ण भाराखाली त्याला सॉकेटमधून १४२ वॅटपर्यंत वीज घेण्याची मुभा असते. ही वीज पुरवणारं व्हीआरएम सॉकेटच्या बाजूला असतं. स्वस्त बोर्डावर त्याला हीटसिंकच नसेल, तर दीर्घ भाराखाली ते तापतं आणि प्रोसेसरचा वेग उतरतो. अशा बोर्डावर ६५ वॅटचा रायझन ५ ५६०० घेणं अधिक शहाणपणाचं. शिवाय ५८००एक्स३डीच्या खोक्यात कूलर येत नाही, त्यामुळे तोही खर्च धरावा लागतो.

नवा प्रोसेसर बसवल्यावर पहिल्याच वेळी स्क्रीनवर `fTPM` रीसेट करायचं का, असा प्रश्न येऊ शकतो. ड्राइव्हवर बिटलॉकर चालू असेल आणि रिकव्हरी की हाताशी नसेल, तर `Y` दाबल्यावर विंडोज उघडत नाही. ती की आधीच कागदावर उतरवून ठेवावी. शेवटी बायोसमध्ये जाऊन रॅमचं एक्सएमपी पुन्हा चालू करावं. अपडेटनंतर ते बहुधा बंद झालेलं असतं आणि ३२०० ची रॅम गुपचूप २४०० किंवा २१३३ वर धावत राहते.