शेवटचा नऊ कुठेच नाही

नववीच्या वर्गात फळ्यावर ०.९९९… = १ लिहिलं की हरकत ठरलेली असते : “सर, जवळजवळ एक म्हणा ना!”

पहिलं उत्तर सोपं आहे. १ ला ३ ने भागलं की ०.३३३… येतात, हे मुलांनी स्वतः भागाकार करून पाहिलेलं असतं. दोन्ही बाजूंची तिप्पट करा. एकीकडे १, दुसरीकडे ०.९९९…. वर्ग क्षणभर गप्प होतो. मग एखादी चलाख मुलगी विचारते, “मग १/३ तरी नक्की ०.३३३… एवढाच असतो का?” प्रश्न रास्त आहे. शंका मिटलेली नाही, फक्त नवांवरून तिनांवर गेली आहे.

दुसरी रीत पाठ्यपुस्तकी. क्ष = ०.९९९… माना. १०क्ष = ९.९९९…. वजाबाकी केली की ९क्ष = ९, म्हणून क्ष = १. ही रीत मुलांना आवडते, पण ती डोळे मिटून वापरू नये. नऊ डावीकडे न संपता पसरलेत असं समजा : क्ष = …९९९. त्याची दहापट …९९९०. क्षमधून ती वजा केली तर −९क्ष = ९, म्हणजे क्ष = −१! इतके नऊ आणि उत्तर ऋण. गडबड आकडेमोडीत नाही. …९९९ ही आपल्या नेहमीच्या अर्थाने संख्याच नाही, आणि ते न तपासता आपण तिच्यावर गुणाकार-वजाबाकी केली.

म्हणून माझ्या मते खरी पकड तिसऱ्या युक्तिवादात आहे. मुलांनाच विचारावं, १ आणि ०.९९९… यांत फरक किती? ०.९ एकपेक्षा ०.१ ने कमी, ०.९९ हा ०.०१ ने, ०.९९९ हा ०.००१ ने. ०.९९९… तर या सगळ्यांहून मोठा. म्हणजे उरलेला फरक ०.१ पेक्षा लहान, ०.०१ पेक्षा लहान, या यादीतल्या प्रत्येकापेक्षा लहान हवा. इथे हमखास उत्तर येतं, “०.०००…१, अनंत शून्यं आणि मग एक.” त्या एकचं स्थान विचारा. तो सहाव्या स्थानावर असेल, तर फरक ०.०००००१ झाला, आणि तो ०.०००००१ पेक्षा लहान नाही. विसाव्या स्थानावर ठेवला तरी तीच अडचण. आणि कुठल्याच स्थानावर नसेल, तर तो एक नाहीच. फरक शून्य.

मुलांचा अडथळा बहुतेकदा त्या तीन टिंबांत असतो. त्यांना वाटतं, कुणीतरी अजून नऊ लिहीत बसलंय आणि एकपर्यंत पोचायचं राहिलंय. पण ०.९९९… म्हणजे ते लिहिणं नव्हे, ०.९, ०.९९, ०.९९९ ही यादी हव्या तितक्या जवळ जिच्याशी जाते, ती संख्या. यादीत १ कुठेच नसतो, हे मुलांचं म्हणणं अगदी बरोबर आहे.

शिवाय हा मान एकट्या एकचा नाही. ०.२५ = ०.२४९९९…, ३.७ = ३.६९९९…. शून्य सोडून प्रत्येक खंडित दशांशाला अशी दोन रूपं असतात. १/३ ला मात्र एकच.